छताकडे डोळे लावलेल्या गाड्या

सकाळी ७:१५

भिवंडीच्या या गोडाऊनात सकाळची पाळी आठला लागते. त्याआधीचा पाऊण तास माझा. गाड्या चार्जिंगवर रांगेत उभ्या असतात, फोर्कलिफ्टचे भोंगे सुरू झालेले नसतात आणि रात्रीचा लॉग शांतपणे वाचता येतो. रोबो हा शब्द इथे फक्त कंपनीच्या माहितीपत्रकात आहे. माथाडी कामगारांपासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना गाड्याच म्हणतात, आता मीही म्हणतो.

गाडीचं काम सांगायला सोपं आहे. ट्रॉलीच्या पोटाखाली शिरायचं, ती उचलायची आणि रॅकमधल्या गल्लीतून पॅकिंगच्या टेबलापर्यंत न्यायची. ट्रॉलीच्या पायांमध्ये दोन्ही बाजूंना साधारण चार-चार सेंटिमीटर मोकळी जागा राहते. म्हणजे आपण कुठे आहोत हे गाडीला तेवढ्या अचूकपणे माहीत हवं.

हे तिला आधी चाकं सांगतात. दोन्ही चाकांवर एन्कोडर आहेत. डावं चाक किती फिरलं, उजवं किती, यावरून पुढे किती गेलो आणि किती वळलो याचा हिशोब होतो. अडचण अशी की चाकाचा व्यास आपण समजतो तेवढा कधीच नसतो. आमची चाकं दीडशे मिलिमीटरची, पॉलियुरेथेनची. एक चाक दुसऱ्यापेक्षा ०.१५ मिलिमीटरने, म्हणजे हजारात एक भागाने, लहान आहे असं धरा. झीज थोडी कमीजास्त झाली किंवा ट्रॉलीत माल एका बाजूला रचला तरी एवढा फरक पडतो. वीस मीटरच्या गल्लीत एक चाक दुसऱ्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त चालतं. दोन चाकांमधलं अंतर अर्धा मीटर, म्हणून गाडीचं तोंड सव्वादोन अंशांनी वळतं आणि गल्लीच्या टोकाला ती मधल्या रेषेपासून चाळीस सेंटिमीटर बाजूला असते. चाकांच्या मते मात्र ती सरळ नाकासमोर आलेली असते.

नव्या मुलांना यातली एक गोष्ट पहिल्यांदा पटत नाही. ही चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट केलं की बाजूला सरकणं चौपट होतं, म्हणजे चाळीस मीटरला एक मीटर साठ. आणि हेच उलटं धरलं तर चार मीटरला ती जेमतेम दीड सेंटिमीटर असते. आमच्या छताचं सगळं गणित या उलट्या बाजूवर उभं आहे: दर चार मीटरला गाडीला कुणीतरी सांगायचं की बाई, तू इथे आहेस.

सकाळी ८:००

सांगणारे वर आहेत. मेझनीनच्या खालच्या बाजूला, बीमवर, सनबोर्डवर छापलेले दोनशेवर काळे-पांढरे चौकोन लावले आहेत. हे एप्रिलटॅग. मिशिगन विद्यापीठातल्या एडविन ओल्सन यांनी ते २०११ मध्ये मांडले. आम्ही वापरतो त्या `tag36h11` कुळात ५८७ वेगवेगळे टॅग आहेत आणि कुठल्याही दोन टॅगमध्ये छत्तीसपैकी किमान अकरा घरं वेगळी असतात, त्यामुळे एक नंबर दुसरा म्हणून वाचला जाण्याची भीती फारशी नसते. गाडीच्या पाठीवर सरळ वर बघणारा कॅमेरा आहे. टॅग दिसला की त्याचा नंबर, तो चित्रात कुठे आहे आणि किती फिरलेला आहे, एवढ्यावरून गाडीची जागा आणि दिशा निघते.

टॅग जमिनीवर का नाहीत, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. जमिनीवरही लावतात, पण तिथे फोर्कलिफ्टची चाकं फिरतात, पॅलेट घासतात आणि झाडू मारला जातो. छतावर कुणी चालत नाही. शिवाय छताकडे बघून वाट काढायची कल्पना जुनी आहे. १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये मिनर्व्हा नावाचा रोबो प्रेक्षकांना संग्रहालय दाखवत हिंडायचा. भोवती माणसांची गर्दी झाली तरी त्याला छत दिसायचं.

वर बघणाऱ्या भिंगावर धूळ बसते, म्हणून दिवसाचं पहिलं काम म्हणजे प्रत्येक गाडीची काच मऊ फडक्याने पुसणं. आज सोबत छपाईवाल्याकडून आलेला नवा गठ्ठाही होता. मेजपट्टी लावली तर काळी चौकट वीस सेंटिमीटरऐवजी १९४ मिलिमीटर. छापताना कुणीतरी पानात बसवण्याचा पर्याय ठेवला असणार. तीन टक्क्यांचा फरक डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्याला टॅग लहान दिसला की तो लांब वाटतो. भिंगापासून ४.२ मीटरवरचं छत त्याला ४.३३ मीटरवर दिसेल आणि टॅग दीड मीटर बाजूला असेल तर जागेत साडेचार सेंटिमीटरची चूक येईल. गाडी बरोबर टॅगखाली असताना मात्र काहीच चूक येणार नाही, म्हणून हा दोष चटकन सापडत नाही. मी नेहमी लॉगमध्ये छताची उंची बघतो. छत काही वर-खाली होत नाही. एखाद्या टॅगपाशीच ते उंच झालेलं दिसलं तर टॅगच्या मापात खोट आहे. गठ्ठा परत पाठवला.

सकाळी ९:३०

मुकादम आले. "साहेब, तीन नंबर परत ट्रॉलीला घासली."

"कुठल्या बाजूला, मुकादम?"

"तिच्या डाव्या हाताला. जाताना पण डाव्या, येताना पण डाव्या."

एवढं एक वाक्य ऐकलं की अर्धं काम होतं. टॅग चुकीच्या जागी असता तर गाडी दोन्ही वेळा गोडाऊनच्या एकाच बाजूला, समजा भिंतीकडे, सरकली असती. म्हणजे जाताना तिच्या डावीकडे आणि येताना उजवीकडे. इथे चूक गाडीबरोबर वळते आहे. म्हणजे छत निर्दोष आहे आणि दोष गाडीच्या अंगात आहे. चाकांवर संशय घेण्यातही अर्थ नव्हता, कारण दर चार मीटरला टॅग दुरुस्ती करत असताना चाकांची चूक एवढी साचूच शकत नाही.

लॉग उघडला. सरळ गल्लीत सगळं गोड होतं. टॅग जी जागा सांगतो आणि चाकांवरून जी अपेक्षित असते, त्यांच्यातला फरक एक-दोन सेंटिमीटर. गल्लीच्या टोकाला गाडी जागच्या जागी अर्धी वळली की मात्र तो फरक एकदम सोळा सेंटिमीटरवर जायचा आणि मग हळूहळू विरायचा. चाकं म्हणत होती, मी जागेवर फिरले. टॅग म्हणत होते, तू सोळा सेंटिमीटर सरकलीस.

सकाळी १०:१५

तीन नंबरला एका टॅगखाली सपाट जमिनीवर नेलं, चाकांचा हिशोब तात्पुरता बाजूला ठेवला आणि तिला सावकाश एक गिरकी घ्यायला लावली. नुसत्या टॅगवरून निघालेली जागा पडद्यावर काढली. गाडी जागेवर फिरत असेल तर तिथे एक ठिपका दिसायला हवा. दिसलं वर्तुळ, आठ सेंटिमीटर त्रिज्येचं.

वर्तुळाची कारणं दोनच. एक तर कॅमेरा गाडीच्या मध्यापासून जेवढा पुढे आहे असं आपण सॉफ्टवेअरला सांगितलंय तेवढा तो नाही, किंवा तो कलला आहे. वर्तुळ दोन्हींनी सारखंच उमटतं. त्यांना वेगळं करायला छताची दुसरी उंची लागते आणि ती आमच्याकडे आहे. डिस्पॅचच्या भागात मेझनीन नाही, तिथे टॅग साडेनऊ मीटरवर पत्र्याच्या छतालाच लावलेले आहेत. कॅमेऱ्याची जागा चुकली असेल तर वर्तुळ तिथेही आठच सेंटिमीटरचं येईल. कल असेल तर उंचीबरोबर ते वाढेल. गाडी तिकडे नेऊन फिरवली आणि वर्तुळ अठराचं आलं. कल आहे, आणि हिशोबाने तो १.१ अंशाचा निघतो. ४.२ मीटरवर तेवढा कल आठ सेंटिमीटर होतो, साडेनऊ मीटरवर अठरा.

आमचा टेक्निशियन हुशार पोरगा आहे. त्याने रास्त प्रश्न विचारला. "सर, टॅग चौकोनी आहे ना? मग कॅमेरा कलला की तो चित्रात तिरका दिसेल. त्यावरूनच कल का काढत नाही?" कागदावर हे बरोबर आहे. पण आमच्या कॅमेऱ्यात ४.२ मीटरवरचा वीस सेंटिमीटरचा टॅग जेमतेम तीस पिक्सेलचा दिसतो. कॅमेरा पाच अंश कलला तर त्या चौकोनाच्या बाजूंत पडणारा फरक साधारण एक दशांश पिक्सेल असतो. पाच अंशांची चूक म्हणजे छतावर सदतीस सेंटिमीटर! ज्या मापात सदतीस सेंटिमीटर आणि शून्य यांच्यात एक दशांश पिक्सेलचा फरक आहे, त्यावर विसंबून गाडी चालवता येत नाही. म्हणून टॅगचा तिरकेपणा आम्ही विचारातच घेत नाही. छत आडवं आहे आणि कॅमेऱ्याचा कल आधी मोजून ठेवला आहे, असं धरतो. टॅग चित्रात कोणत्या दिशेला दिसतो आणि किती फिरलाय, एवढंच त्याच्याकडून घेतो. गाडीचं तोंड कुठे आहे हे त्यातून फार छान कळतं.

छतावरच्या टॅगची किंमत ही अशी मोजावी लागते. जमिनीवरचा टॅग कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर असतो, तिथे एक अंशाचा कल तीन-चार मिलिमीटर होतो. इथे तरफेचा दांडा चार मीटरचा आहे.

कारण शोधायला झाकण काढलं. कॅमेऱ्याच्या पट्टीचा एक स्क्रू सैल होता आणि पट्टीच्या कडेवर ओरखडा. कुठल्या तरी ट्रॉलीची आडवी सळई लागली असावी. स्क्रू आवळला, पुन्हा गिरकी घेतली, वर्तुळ दीड सेंटिमीटरवर आलं. उरलेला कल सॉफ्टवेअरमध्ये भरला. पट्टीखाली वॉशर घालून कॅमेरा अगदी ओळंब्यात आणायचा मोह होतो, पण कल किती आहे हे ठाऊक असणं पुरतं. तो शून्यच असायला हवा असं नाही.

जमिनीचा उतार हे वेगळं प्रकरण आहे. गाडी फिरली तरी उतार फिरत नाही, म्हणून तो वर्तुळ मोठं करत नाही, वर्तुळाचा मध्य सरकवतो. गिरकी नेहमी एकाच सपाट जागेवर घ्यायची ती यासाठी.

दुपारी १२:४०

डिस्पॅचच्या छतात उजेडासाठी अर्धपारदर्शक पत्रे आहेत. या वेळेला ते पांढरेफटक पेटतात. मेच्या मध्यावर तर सूर्य इथे अगदी डोक्यावर असतो. त्या पत्र्यांना लागून असलेले दोन टॅग रोज दुपारी तासाभरासाठी गायब होतात. कॅमेरा आपोआप उजेड सांभाळायला गेला की टॅग सगळाच काळा पडतो आणि टॅगला जुळेल असा उजेड कायम ठेवला तर पत्र्याची चकाकी त्याची पांढरी कड खाऊन टाकते. मॅट लॅमिनेशन केलं की खालून पडणाऱ्या दिव्यांचं प्रतिबिंब टळतं, पण मागून येणाऱ्या उजेडावर त्याचा काही उपाय चालत नाही. हे टॅग शेजारच्या पर्लिनवर, पत्र्यापासून दूर, सरकवायला हवेत. सिझर लिफ्ट रविवारी मिळेल.

तोवर गाडी चाकांवर चालते. टॅगशिवाय पंधरा मीटरपर्यंत जायची परवानगी आहे. शेवटच्या काही मीटरांत वेग कमी करायचा आणि मग थांबायचं. पंधरा हा आकडा हवेतून आलेला नाही. चाकांचं कॅलिब्रेशन आम्ही चौकोनी मार्गावर एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून गाडी फिरवून करतो. बोरेनस्टीन आणि फेंग यांनी नव्वदच्या दशकात ही पद्धत घालून दिली, तीही मिशिगन विद्यापीठातच. एकाच दिशेने फिरवलं तर चाकांच्या व्यासातली चूक आणि चाकांमधल्या अंतरातली चूक एकमेकींना झाकू शकतात; दोन्ही दिशांनी फिरवलं की त्या वेगळ्या होतात. कॅलिब्रेशननंतर आमच्या चाकांतला फरक दहा हजारांत दोन भागांवर येतो. त्या हिशोबाने पंधरा मीटरला साडेचार सेंटिमीटर. तिथे थांबणं शहाणपणाचं.

मग डबा.

दुपारी २:३०

दुपारी एक विचित्र लॉग समोर आला. पाच नंबर आणि सात नंबर, दोन्ही गाड्या टॅग ५७ पाशी अडखळत होत्या, पण नेहमी नाही.

```
tag 57 dx=+0.31 dy=-0.04 d2=27.5 REJECT
tag 57 dx=+0.29 dy=-0.05 d2=4.2  ACCEPT
```

दोन्ही ओळींत टॅग जवळपास एकच गोष्ट सांगतोय: तू समजतेस त्यापेक्षा तीस सेंटिमीटर पुढे आहेस. तरी एकदा त्याचं म्हणणं फेटाळलं गेलं आणि एकदा मानलं गेलं. फरक `d2` मध्ये आहे. फिल्टर प्रत्येक दुरुस्ती स्वीकारण्याआधी विचारतो, की माझ्या स्वतःच्या अनिश्चिततेच्या मानाने हा फरक किती मोठा आहे? जागा आणि दिशा मिळून तीन मापं असतात, त्यासाठी आमची मर्यादा ११.३४ आहे. खरी दुरुस्ती शंभरात एकदाच ती ओलांडते. पहिली गाडी नुकतीच दोन टॅग बघून आली होती. तिची अनिश्चितता सहा सेंटिमीटरच्या घरात होती आणि तीस म्हणजे तिच्या पाचपट, म्हणून नकार. दुसरी डिस्पॅचमधून, उन्हात आंधळी होऊन आली होती. तिची अनिश्चितता पंधरावर गेली होती, त्यामुळे तीस तिला अशक्य वाटले नाहीत. तिने टॅगचं ऐकलं आणि चुकली.

या गाळणीचा मला कधी पूर्ण भरवसा वाटला नाही, आणि कारण हेच. ज्या गाडीला मदतीची सगळ्यात जास्त गरज असते, तीच खोट्या टॅगला सगळ्यात सहज फसते. मर्यादा आवळावी तर वाट चुकलेली गाडी खरे टॅगही फेटाळू लागते आणि पुन्हा कधीच जागेवर येत नाही. आमचा नियम असा की फार वेळ आंधळी चाललेली गाडी एका टॅगवर विश्वास ठेवणार नाही. दोन वेगवेगळे टॅग एकच जागा सांगत असतील तरच ऐकायचं. मात्र हा नियम अजून सगळ्या गाड्यांवर चढलेला नाही, पाच नंबर आणि सात नंबर जुन्याच आवृत्तीवर आहेत.

दोन गाड्या, एकच टॅग, एकाच दिशेचा फरक. सकाळच्या उलट इथे चूक जागेला चिकटलेली होती. बघायला गेलो तर टॅग ५७ च्या शेजारून नवीन स्प्रिंकलर पाइप गेलेला. पाइपवाल्यांना टॅग आडवा आला असेल. त्यांनी तो काढून अलीकडे फूटभर अंतरावर अगदी नीट, सरळ लावून ठेवला होता. वाकडा लावला असता तर दिशेतल्या फरकामुळे फिल्टरने तो नेहमीच फेटाळला असता.

टॅग परत मूळ जागी नेता येत नव्हता, तिथे आता पाइप आहे. नवी जागा मोजली. टॅगच्या मध्यातून ओळंबा सोडला, जमिनीवर खूण केली आणि तिथून रॅकच्या दोन पायांपर्यंतची अंतरं टेपने घेतली. लेझरही आहे आमच्याकडे, पण चार मीटरला ओळंबा मला जास्त खात्रीचा वाटतो. फक्त पंखे बंद करायला लावावे लागतात आणि त्यावरून दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात.

संध्याकाळी ५:००

नऊ नंबरवर काल नवा कॅमेरा बसवला होता. तिची चाचणी एका गल्लीत जाऊन-येऊन घेतली. उभी असताना चूक शून्य, पण चालायला लागली की प्रत्येक टॅग तिला नऊ-दहा सेंटिमीटर मागे खेचत होता, जातानाही आणि येतानाही. सेकंदाला सव्वा मीटरचा वेग पावपट केला तर चूकही पावपट झाली. वेगाच्या प्रमाणात वाढणारी आणि प्रवासाच्या दिशेतच पडणारी चूक म्हणजे घड्याळाची चूक. या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर फोटोवर वेळेचा शिक्का फोटो काढल्या क्षणी मारत नाही, तो संगणकात पोहोचल्यावर मारतो. मधल्या ऐंशी मिलिसेकंदांत गाडी दहा सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि फिल्टर मागच्या जागेचा फोटो आत्ताच्या जागेशी ताडून बघतो. उशीर मोजून शिक्का तेवढा मागे नेला आणि चाकांचा हिशोबही त्याच क्षणाचा घ्यायला सांगितला. परतीच्या फेरीत फरक दीड सेंटिमीटरच्या आत राहिला.

संध्याकाळी ६:३०

रात्रीच्या सुपरवायझरकडे ताबा दिला. टॅग ५७ चे नवे आकडे नकाशात भरून ठेवले आहेत, पण नकाशा चढवायचा तो सगळ्या गाड्या चार्जिंगवर उभ्या असतानाच. चालत्या गाडीखालून नकाशा बदलला तर ती त्या टॅगपाशी एकदम तीस सेंटिमीटरची उडी घेते. तोवर ५७ वर खाकी कागद चिकटवून टाकलाय, तो नकाशा चढल्यावर काढायचा.

मुकादम दाराशी थांबले होते. "मग तीन नंबर लावू का कामाला?"

"लावा दादा. पण पहिल्या दोन फेऱ्या रिकाम्या ट्रॉलीच्या. आणि गल्लीच्या टोकाला वळल्यावर ट्रॉलीच्या दोन्ही पायांत सारखी जागा राहते का, तेवढं बघा. नाही राहिली तर मला फोन करा."

"झोपेत असाल तर?"

"तरी करा."